डेटिंग ॲप काढून टाकलं तरी घरात नोटिफिकेशन दिसतंच: गळती कुठून होते आणि ती कशी बंद करायची

तक्रार अशी आहे. लॉक स्क्रीनवरचं नोटिफिकेशन लपवलं, ॲपचा आयकॉन शेवटच्या पानावरच्या फोल्डरमध्ये ढकलला, शनिवारी-रविवारी घरात गर्दी असते म्हणून शुक्रवारी रात्री ॲपच काढून टाकलं, तरी अधूनमधून घरातल्या कुणाच्या तरी नजरेला काहीतरी पडतंच. माझ्या बाबतीत हे चार महिन्यांत तीनदा झालं. तिन्ही वेळा मला वाटलं की आता बंद केलं, आणि तिन्ही वेळा ते वेगळ्याच जागेतून बाहेर आलं. शेवटी एका रविवारी वही घेऊन बसले आणि एक मेसेज फोनमध्ये आल्यावर कुठे कुठे जातो ते शोधून काढलं. ते इथे लिहितेय, कारण निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर अशा गावांतल्या माझ्याच वयाच्या मुलामुलींना मी हीच अडचण सांगताना ऐकलं आहे.

माझं घर निपाणीत आहे. घरात आई, आण्णा, आजी, दादा-वहिनी आणि नऊ वर्षांचा भाचा. मी 28 वर्षांची, बेळगावातल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, आठवड्यातून दोन दिवस तिकडे जाते आणि बाकी दिवस घरूनच करते. माझा फोन ही घरातली सगळ्यांची वस्तू आहे. आई त्याच्यावर अभंग ऐकते, भाचा कार्टून बघतो, लाईट बिल भरायचं असलं की आण्णा तोच उचलतात. कुणाच्या मनात हेरगिरी नसते. म्हणूनच त्यांना फोन हातात घेऊ नका असं सांगणं मला शक्य नाही, आणि सांगितलं तर त्या दिवसापासून शंका सुरू होईल. एखाद्या माणसाशी चार ओळी बोलून तो बरा वाटतो की नाही हे मला कळायच्या आधी त्याचं आडनाव, गाव आणि नातेवाईक यांची चर्चा आमच्या स्वयंपाकघरात होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तीन घटना

पहिली घटना संध्याकाळची. फोन चार्जिंगला, स्क्रीन बंद. ती उजळली आणि भाच्याने मोठ्याने वाचलं, "यू हॅव अ न्यू मॅच. आत्या, कुणाची मॅच आहे गं?" घरात क्रिकेट चालतं, त्यामुळे ते तिथेच विरलं. त्या रात्री मी लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवला.

दुसरी घटना तीन आठवड्यांनी. आई माझ्या फोनवर अभंग लावून भाजी निवडत होती आणि वरून पट्टी उतरली, त्यात मुलाचं नाव आणि "Hi, free aahes ka?" आई म्हणाली, "कुणाचा गं मेसेज? काय करायलीस काय तू?" मी ऑफिसातला म्हणून सांगितलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, ते अजून वाटतं.

तिसरी घटना सगळ्यात विचित्र. ॲप फोनमध्ये नव्हतंच. आण्णांनी जेवताना विचारलं, "हा अमुक कोल्हापूर कोण? माझ्या फोनमध्ये नंबर आलाय." मी त्या मुलाचा नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह केला होता, नावापुढे कोल्हापूर लिहून. तो आण्णांच्या फोनमध्ये कसा गेला हे मला त्या क्षणी सांगता आलं नाही.

आधी गळती पकडा, मग सेटिंग बदला

माझी पहिली चूक ही की मी जे दिसलं तेवढंच बुजवत गेले. मेसेज नेमका कुठे कुठे उमटतो हे न बघता सेटिंग बदलत बसलात तर तुमचंही तेच होईल. त्यासाठी विश्वासातली एक व्यक्ती लागते. माझी बेळगावची मैत्रीण तेच ॲप वापरते. आम्ही एकमेकींना शोधून मॅच केलं (त्यासाठी दोघींना काही वेळ आवडीची निवड बदलावी लागली) आणि ठरवलेल्या वेळेला ती मला एकेक ओळ पाठवत गेली.

चाचणी तीन स्थितींत घ्या. एकदा फोन लॉक करून टेबलावर ठेवा. एकदा लॉक उघडा ठेवून यूट्यूब चालू करा, कारण घरातलं माणूस फोन वापरताना हीच स्थिती असते. आणि एकदा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याला जोडलेल्या बाकीच्या वस्तूंकडे लक्ष द्या: मनगटावरचं घड्याळ, ऑफिसचा लॅपटॉप, ब्लूटूथचा हेडफोन.

माझं उत्तर असं आलं. लॉक स्क्रीनवर काही नाही, फक्त ॲपच्या नावाची एक ओळ. उघड्या फोनवर पूर्ण मेसेजची पट्टी. आणि घड्याळावर नाव, मजकूर, सगळं, वर हाताला थरथर. घड्याळ मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. पाणी भरताना मी ते काढून ओट्यावर ठेवते. तिथे ते किती वेळा उजळलं असेल, कुणास ठाऊक.

याचं कारण समजून घेतलं की पुढचं सोपं होतं. ॲन्ड्रॉइडमध्ये लॉक स्क्रीनचं सेटिंग फक्त लॉक स्क्रीनपुरतं असतं. `Settings > Notifications` मध्ये `Sensitive notifications` किंवा तत्सम नावाचं बटण बंद केलं की लॉक असताना मजकूर झाकला जातो. लॉक उघडला की झाकण निघतं. आणि घड्याळाचं ॲप तर लॉक स्क्रीनकडे बघतही नाही. घड्याळ पहिल्यांदा जोडताना आपण त्याला नोटिफिकेशन वाचायची परवानगी दिलेली असते, त्यामुळे फोनमध्ये जे नोटिफिकेशन पडेल ते ते उचलतं आणि पुढे पाठवतं. लॅपटॉपला फोन जोडला असेल तर तिथेही तीच गत.

म्हणजे दारं वेगवेगळी आहेत, पण पाणी एकाच टाकीतून येतं. एकेक दार अडवत बसण्यापेक्षा नोटिफिकेशन जन्मालाच येऊ न देणं हा उपाय.

टाकीवरचा नळ

`Settings > Apps` मध्ये त्या ॲपचं पान उघडा, `Notifications` वर जा आणि सगळ्यात वरचं मुख्य बटण बंद करा. खाली मेसेज, मॅच, लाइक, ऑफर अशी वेगळी बटणं असतील. ती एकेक बंद करायच्या फंदात पडू नका. ॲन्ड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, ॲपला आपल्या नोटिफिकेशनचे असे गट करता येतात, आणि ॲपच्या नव्या आवृत्तीत नवा गट आला की तो चालूच येऊ शकतो. मी पहिल्यांदा "मेसेज" आणि "मॅच" तेवढे बंद केले होते आणि ऑफरचा गट तसाच राहिला होता. वरचं मुख्य बटण बंद असलं की नवा गट आला तरी तो तोंड उघडू शकत नाही.

हेच बटण ॲपच्या आतल्या सेटिंगमध्येही असतं. त्याच्यावर विसंबू नका. ते ॲपच्या मर्जीने चालतं, फोनचं बटण तुमच्या मर्जीने. आत मात्र एक काम जरूर करा: ईमेलचा विभाग शोधा आणि सगळे ईमेल बंद करा. फोनचं बटण ईमेल अडवू शकत नाही, तो दुसऱ्या वाटेने जीमेलमध्ये येतो आणि मग जीमेल नोटिफिकेशन दाखवतं. माझ्याकडे "तुमच्या जवळ कुणी नवीन आलंय" असा ईमेल आठवड्याला एकदा येत होता आणि मी तो न उघडता डिलीट करत होते.

हे झाल्यावर मैत्रिणीकडून पुन्हा तिन्ही चाचण्या घ्या. घड्याळ गप्प राहिलं, पट्टी उतरली नाही, आयकॉनवर ठिपका आला नाही, तर नळ बंद झाला. घड्याळ तरीही वाजलं, तर घड्याळाच्या स्वतःच्या ॲपमध्ये जाऊन ज्या ॲपची नोटिफिकेशन घ्यायची त्यांची यादी असते, त्यातूनही नाव काढा.

याची किंमत अशी की कुणी मेसेज केला हे तुम्हालाही कळणार नाही. मी दिवसातून दोनदा स्वतः उघडून बघते, एकदा दुपारी जेवणानंतर गच्चीवर आणि एकदा रात्री. उत्तराला उशीर होतो म्हणून कुणी निघून गेलं असेल तर जाऊ दे. "घरी असते, नोटिफिकेशन बंद ठेवते, उत्तर रात्री देईन" एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं की समजूतदार माणूस थांबतो. थांबला नाही तर तेही कळलं.

मग ते परत परत का येत होतं

इथेच खरी मेख होती. मी शुक्रवारी ॲप काढत होते आणि सोमवारी बेळगावच्या बसमध्ये बसल्यावर पुन्हा टाकत होते. मला ती सावधगिरी वाटत होती. प्रत्यक्षात दर सोमवारी मी माझीच सगळी बंदोबस्ताची कामं पुसून टाकत होते.

ॲप काढलं की त्याच्याबरोबर त्याचं नोटिफिकेशनचं सेटिंगही जातं. पुन्हा टाकलं की ॲप नव्या पाहुण्यासारखं येतं. ॲन्ड्रॉइड 13 पासून (2022) ते पहिल्यांदा उघडल्यावर नोटिफिकेशन दाखवू का असं विचारतं, आणि घाईत अंगठा `Allow` वर पडतो. माझा दर वेळी पडत होता, कारण बसमध्ये शेजारी कोण बसलंय हे बघत मी भराभर बटणं दाबत होते. तुमच्या फोनमध्ये त्याहून जुनं ॲन्ड्रॉइड असेल तर ते विचारतही नाही, नोटिफिकेशन थेट चालू.

त्यातच दर वेळी पुन्हा लॉगिन. म्हणजे ओटीपीचा एसएमएस आणि त्यात ॲपचं नाव. काही ॲप नवीन लॉगिन झाल्याचा ईमेलही पाठवतात. म्हणजे मी दर आठवड्याला एक एसएमएस आणि कधी कधी एक ईमेल स्वतः होऊन मागवत होते. प्ले स्टोअरमध्येही माग राहतो: `Manage apps & device` मध्ये `Not installed` निवडलं की त्या खात्यावरून पूर्वी टाकलेल्या ॲपची यादी समोर येते. तिथून नाव काढून टाकता येतं, पण दर आठवड्याला कोण काढणार?

आणि सर्वात महत्त्वाचं, ॲप काढलं म्हणजे तुमचं प्रोफाइल जात नाही. ते त्यांच्या सर्व्हरवर असतं आणि शनिवारी-रविवारी इतरांना दिसू शकतं. तुमच्या फोनमध्ये ॲप नाही म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि पलीकडच्या गल्लीतला कुणीतरी तुमचा फोटो बघतोय. दोन दिवस खरंच दिसायचं नसेल तर ॲपमध्येच तशी सोय असते. टिंडरवर शोधयादीतून स्वतःला काढायचं बटण आहे, बंबलवर `Snooze`, हिंजवर `Pause`. टिंडर आणि हिंजवर जुन्या मॅचशी बोलणं त्या काळातही चालू राहतं, नवीन कुणाला तुम्ही दिसत नाही. कायमचं सोडायचं असेल तर आधी ॲपच्या आत `Delete Account` करा आणि मगच ॲप काढा. पैसे भरून योजना घेतली असेल तर ती प्ले स्टोअरच्या `Subscriptions` मधून वेगळी बंद करावी लागते, खातं पुसल्याने ती थांबत नाही.

तेव्हा एकदाच टाका, एकदाच लॉगिन करा, नळ बंद करा आणि मग त्याला हात लावू नका. माझ्याकडे हे केल्यापासून पाच महिने झाले, एकही ओटीपी आलेला नाही.

काढायचं नाही, तर ठेवायचं कुठे

फोन सगळ्यांच्या हातात जातो, मग ॲप आत राहणार कसं? फोल्डरमध्ये दडवणं पुरेसं नाही. ॲपच्या यादीत ते दिसतं आणि नुकत्याच वापरलेल्या ॲपच्या चौकोनांत तर पूर्ण चित्रासकट दिसतं.

ॲन्ड्रॉइड 15 असेल तर `Private space` बघा. ही फोनच्या आतली वेगळी खोली आहे, तिला वेगळं कुलूप लावता येतं. कुलूप असताना आतली ॲप चालतच नाहीत, त्यामुळे नोटिफिकेशनही येत नाहीत आणि यादीतही दिसत नाहीत. तिच्यासाठी वेगळं गुगल खातं ठेवायची सोय आहे आणि ते ठेवाच, त्याचं कारण पुढे सांगणार आहे. सॅमसंगमध्ये याच प्रकारचं `Secure Folder` आहे, शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये `Second space` आहे. आयफोनवर 2024 च्या आयओएस 18 पासून ॲप लपवता येतं.

इथे एक गोष्ट आमच्यासारख्या घरांत हमखास चुकते. माझ्या फोनमध्ये आईच्या अंगठ्याचा ठसा नोंदवलेला आहे. मीच नोंदवला, तिला सारखा पिन टाकावा लागू नये म्हणून. आता मी आतल्या खोलीलाही ठशाचं कुलूप लावलं असतं तर ते आईच्या अंगठ्याने उघडण्याचा धोका होता. म्हणून आतल्या कुलपासाठी फक्त पिन ठेवा, आणि तो फोनच्या पिनपेक्षा वेगळा. भाच्याला माझा फोनचा पिन पाठ आहे, तो माझ्या जन्मवर्षाचा होता. आयफोनवर लपवलेलं ॲप फोनच्याच पासकोडने उघडू शकतं, तेव्हा तो पासकोड घरात माहीत असेल तर आधी तो बदलावा लागेल.

वेगळी खोली नसलेला जुना फोन असेल तर फोनमधलं साधं ॲप लॉक वापरा. ते आयकॉन झाकत नाही, पण उघडू देत नाही. "हे काय आहे, कुलूप का?" असा प्रश्न मात्र येतो. एका ॲपला कुलूप लावण्याऐवजी बँक, फोटो, ऑफिसचं ईमेल अशा चार-पाचांना लावलं की तो प्रश्न उरत नाही, आणि ऑफिसचं काम फोनवर असताना ते तसंही लावायला हवं.

आण्णांच्या फोनमधला नंबर

तिसऱ्या घटनेचं उत्तर शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आण्णांना नवा फोन घेतला तेव्हा त्यांचं गुगल खातं नव्हतं. प्ले स्टोअर चालू व्हावं म्हणून मी माझंच खातं त्यात टाकलं. सीमाभागात काय, कुठेही काय, घरातल्या शिकलेल्या मुलीने सगळ्यांचे फोन चालू करून द्यायचे असतात, आणि तिचं खातं सगळीकडे पसरलेलं असतं. मी माझ्या फोनवर एखादा नंबर गुगल खात्यात सेव्ह केला की तो त्या खात्याच्या प्रत्येक फोनवर जातो. हॉलमधल्या टीव्हीतही माझंच खातं होतं, म्हणजे यूट्यूबवर मी काय शोधलं ते तिथल्या शोधपट्टीत दिसण्याची वाट मोकळी.

कुठे कुठे खातं चालू आहे हे बघायला `myaccount.google.com` वर जाऊन `Security` मध्ये `Your devices` उघडा. माझ्या यादीत चार वस्तू निघाल्या: माझा फोन, ऑफिसचा लॅपटॉप, आण्णांचा फोन आणि टीव्ही.

तिथूनच `Sign out` दाबायचा मोह होतो. दाबू नका. आण्णांचे बियाण्याच्या दुकानाचे, सोसायटीचे, गाडीवाल्याचे नंबर त्याच खात्यात होते. ते गायब झाले असते तर घरात गोंधळ उडाला असता. मी सरळ आण्णांना सांगितलं की तुमचं स्वतःचं खातं करून देते, माझ्या ऑफिसचे ईमेल तुमच्याकडे येतात ते बरं नाही. ते खरंही होतं. त्यांच्या फोनच्या कॉन्टॅक्ट्समधून सगळे नंबर फाइलमध्ये `Export` केले, नव्या खात्यात `Import` केले, त्यांचे फोटो नीट आलेत का बघितलं आणि मग माझं खातं काढलं. एका दुपारचं काम. टीव्हीतही आता त्यांचंच खातं आहे.

डेटिंग ॲपसाठी मी वेगळा ईमेल केला, जो फक्त त्या आतल्या खोलीत आहे, दुसऱ्या कुठल्याच वस्तूत नाही. आणि कुणाचा नंबर सेव्ह करायची वेळ आली तर सेव्ह करताना जागा विचारली जाते तिथे गुगल खातं न निवडता `Device` निवडा. व्हॉट्सॲपवर बोलणं गेलं तर त्या चॅटला `Chat lock` लावा. मग नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर येत नाही. पण आण्णांच्या दुकानातल्या संगणकावर कधी व्हॉट्सॲप वेब उघडलं होतं का हे `Linked devices` मध्ये आधी बघा. तिथे उघडं राहिलं असेल तर तुमच्या फोनवरच्या बंदोबस्ताचा भरवसा धरू नका.

पैशाचा माग

बँक खातं कॉलेजात असताना उघडलं आणि त्यावर आण्णांचा मोबाइल नंबर आहे, ही आमच्याकडची सर्रास गोष्ट. तसं असेल तर प्रत्येक खर्चाचा एसएमएस त्यांना जातो. ॲपची पैशाची योजना घेतली तर एसएमएसमध्ये बहुधा गुगल प्लेचं नाव येतं, पण पावतीचा ईमेल ॲपच्या नावासकट त्या गुगल खात्यावर जातो, जे माझ्या बाबतीत आण्णांच्या फोनमध्येच होतं. दर महिन्याची वर्गणी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी सूचनाही येते. म्हणून खात्याचा नंबर बदलून आपला करणं हे आधी. बँकेत आधार आणि पासबुक घेऊन गेलं की फॉर्म मिळतो.

भेटायला जाताना हेच लक्षात ठेवा. कोल्हापुरात कॉफीचे पैसे यूपीआयने दिले तर त्या गावातल्या दुकानाचं नाव एसएमएसमध्ये येऊ शकतं. मी रोख देते. आणि भेट शक्यतो बेळगावात ठेवते, तिथे माझं जाणं रोजच्यासारखंच असतं आणि शक्ती योजनेच्या शून्य तिकिटामुळे प्रवासाचा पैसाही लागत नाही. गुपित कितीही राखलं तरी ती बेळगावची मैत्रीण मात्र याला अपवाद आहे. कोण, कुठे, किती वाजता हे तिला आधीच पाठवते आणि निघाल्यावर पुन्हा कळवते. कुणालाच न सांगता जाणं मी एकदा केलं, पुन्हा करणार नाही.

गावातलेच लोक दिसले तर

हा नोटिफिकेशनचा प्रश्न नाही, पण सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. टिंडरवर `Block Contacts` आहे, त्यात नंबर टाकला की त्या नंबरने खातं केलेल्या माणसाला तुम्ही दिसत नाही आणि तो तुम्हाला. मर्यादा ही की त्याने दुसऱ्या नंबरने किंवा ईमेलने खातं केलं असेल तर हे चालत नाही. चुलतभावाचा जिओचा नंबर तुम्ही टाकला आणि त्याने खातं एअरटेलच्या नंबरवर केलं, तर तो दिसेल. मी घरच्यांचे, मामाकडच्यांचे आणि दादाच्या मित्रांचे जेवढे नंबर होते तेवढे टाकले, दोन-दोन नंबर असतील तर दोन्ही. सगळे कॉन्टॅक्ट ॲपला देण्याऐवजी एकेक नंबर हाताने भरता येतो, वेळ लागतो पण बाकीच्यांचे नंबर द्यावे लागत नाहीत.

जागेची परवानगी `Only while using the app` ठेवा. बरीच ॲप तुम्ही उघडता तेव्हाच जागा नव्याने घेतात. त्यामुळे नवीन लोक बघायचं काम मी बेळगावात असतानाच करते. निपाणीत उघडलं तर मात्र लगेच "1 किमी अंतरावर" असं कुणाला तरी दिसू शकतं, आणि आमच्या गावात एक किलोमीटर म्हणजे जवळपास घरच. गच्चीवर मेसेज बघायचे असतील तर तेवढ्यापुरतं फोनचं लोकेशन बंद करते. काही ॲप तेव्हा कुरकुर करतात, पण बहुतेक वेळा जुने मेसेज वाचता येतात.

फोटो नवे काढा. व्हॉट्सॲपच्या डीपीचा किंवा लग्नाच्या बायोडाटाचा फोटो तिथे टाकला तर नाव न लिहिताही ओळख पटते. मागे घराचं दार, दुकानाची कन्नड-मराठी पाटी, ऑफिसचं ओळखपत्र नको.

आणि एक शेवटचं, कारण आमच्या भागात धमकी देणाऱ्याला हीच नस सापडते: "तुझ्या घरी स्क्रीनशॉट पाठवतो." असं कुणी म्हणालं, पैसे मागितले किंवा फोटो मागितले, तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी जपून ठेवा, आणि 1930 वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. महिला आणि मुलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. त्या वेळी घरातल्या एका माणसाला स्वतः सांगणं धमकीवाल्याने सांगण्यापेक्षा बरं. माझ्या घरात ते माणूस वहिनी आहे. तिला मी सगळं सांगून ठेवलंय.